शाह मात आणि चालीची सक्ती

ज्यांनी जन्मात कधी बुद्धिबळाचा पट मांडला नाही असे लोकही रोज बुद्धिबळाची भाषा बोलत असतात. दुखण्यावर मात केली, भाऊबंदांना शह दिला, शहाला काटशह बसला, अखेर धाकट्याने बाजी मारली, ही वाक्ये आपल्या घराघरांतून ऐकू येतात. आणि बोलणाऱ्याच्या मनात हत्ती, घोडे, उंट यांचा मागमूसही नसतो. या खेळाचे मराठी नाव तेवढे संस्कृत शब्दांनी घडलेले. पट, घर, डाव हे शब्दही आपले घरचेच. पण पटावर प्रत्यक्ष लढाई जुंपली की भाषा पालटते. मोहरा फारसी, प्यादे फारसी, बाजी फारसी, शह फारसी आणि मातही फारसीच. खेळ मूळचा या देशातला. चतुरंग या नावाने तो इराणात गेला, तेथे त्याचे चत्रंग झाले, अरबांच्या तोंडी शतरंज झाले, आणि मग तो परदेशी पोशाख घालून माहेरी परत आला. त्या पोशाखातील एका शब्दाची, म्हणजे 'मात' या शब्दाची, प्रथम थोडी चौकशी करावी असे आम्ही योजिले आहे. कारण त्याचा सर्वत्र सांगितला जाणारा अर्थ आम्हांस मान्य नाही. त्यानंतर, याच शब्दाच्या अगदी उलट टोकाला उभा असलेला एक जर्मन शब्द पाहू.

'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' असे बहुतेक ठिकाणी छापलेले आढळते. शाह म्हणजे राजा यात वाद नाही. 'मात' हे मात्र अरबी भाषेतील 'मरणे' या धातूचे रूप मानतात. अरबीत 'माता' म्हणजे 'तो मेला'. अर्थ सोपा, चित्र ठसठशीत, आणि शेवट कसा नाटकाच्या पडद्यासारखा! म्हणूनच तो इतका पसरला. परंतु एवढ्याने समाधान होणाऱ्या वाचकास आम्ही पटाकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारू. राजा मरतो कोठे? प्यादी मरतात, घोडे मरतात, वजीर मरतो. मेलेला मोहरा पटाबाहेर ठेवतात. राजा एकटाच असा आहे की, जो डाव संपला तरी आपल्या घरात उभाच असतो. त्याला कोणी हात लावीत नाही. त्याच्यावर शह आहे, शह चुकविण्यास घर नाही, मध्ये आड येण्यास मोहरा नाही, आणि शह देणाऱ्याला मारण्याचीही सोय नाही, एवढे दिसताच खेळ थांबतो. पुढची चाल, जिच्यात राजा मारला गेला असता, ती कधीच होत नाही. फाशांवर खेळल्या जाणाऱ्या चौघांच्या चतुरंगात राजे खरोखर मारले जात. पण 'शाह मात' हा शब्द ज्या दोघांच्या खेळात घडला त्याची तऱ्हा तशी नव्हती.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. अरबी माणसाने आपल्या भाषेत 'राजा मेला' म्हणावयाचे ठरविले असते, तर 'शाह' या परक्या नामामागे त्याने आपला 'अल्' हा उपपद लावला असता. 'शाह मात' या जोडीत तो नाही. ती जोडी फारसीच्या वळणाची आहे, आणि फारसीत 'मात' हा स्वतंत्र शब्द आजही चालतो. इराणी माणूस आश्चर्याने थक्क झाला, त्याला काही सुचेनासे झाले, की तो 'मात' झाला असे म्हणतात. 'मात व मबहूत' ही जोडी तर आपल्या 'थक्क आणि चकित' सारखी रुळलेली आहे. या 'मात'चे नाते फारसीतील 'मांदन्' म्हणजे 'राहणे, खुंटणे' या क्रियापदाशी जोडणारे विद्वान आहेत. बुद्धिबळाचा मोठा इतिहास १९१३ साली लिहिणारे हॅरल्ड मरे यांनीही फारसी अर्थाचाच पक्ष घेतला. हे मरे म्हणजे ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांचे चिरंजीव. शब्दाच्या मुळाशी खणत जाण्याची खोड त्यांना घरातूनच लागली होती असे म्हणण्यास हरकत नाही. त्यांच्यासारख्यांच्या मते 'शाह मात' म्हणजे 'राजा खुंटला', 'राजा निरुपाय झाला'. पुढे अरबांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांच्या कानाला तो आपल्या 'मरणे' धातूसारखा वाटला, आणि राजाच्या कपाळी मरण आले.

या अर्थाला आधार देणारी एक कथा फिर्दौसीच्या शाहनाम्यात आहे. हा ग्रंथ १०१० साली पुरा झाला. कथा घडते ती हिंदुस्थानात. निदान फिर्दौसीच्या कल्पनेतील हिंदुस्थानात. गव आणि तल्हंद हे दोघे एका आईचे मुलगे, पण बाप वेगळे. पहिला राजा वारला तेव्हा गव लहान होता, म्हणून राज्य राजाच्या भावाकडे गेले. त्याने विधवा राणीशी लग्न केले आणि तल्हंद झाला. हा दुसराही राजा वारल्यावर गादी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. आईने एकाला निवडले असते तर दुसरा दुखावला असता. तिने निवड लांबविली आणि दोघेही दुखावले. अखेर युद्ध ठरले. रणभूमीभोवती खंदक खणून त्यात पाणी सोडण्यात आले, म्हणजे कोणाला पळता येऊ नये. गव वारंवार निरोप पाठवी, समेट कर म्हणून विनवी, आणि आपल्या सैनिकांना बजावी की माझ्या भावाच्या अंगाला शस्त्र लागता कामा नये. लढाई झाली. तल्हंदाची माणसे पडली, उरलेली पांगली. तो आपल्या हत्तीवर, सोन्याच्या हौद्यात, चहूंकडून वेढला गेला. भूक होती, तहान होती, वारा प्रतिकूल होता. वाट कोठेच नव्हती. त्या हौद्यातच त्याने प्राण सोडला. गवाने येऊन पाहिले तर अंगावर एकही जखम नाही.

आईने ही हकीकत खरी मानली नाही. गवानेच भावाला मारले, असे ती म्हणू लागली. तेव्हा गवाने शहाण्या लोकांना बोलावून उपाय विचारला. त्यांनी एक पट केला, त्यावर दोन सैन्ये मांडली, आणि लढाई कशी झाली ते मोहरे हलवून तिला दाखविले. एकेक बाजू तुटत गेली, राजाच्या भोवतीची घरे एकेक करून बंद झाली, आणि कोणी त्याच्यावर घाव न घालता तो जागच्या जागी संपला. कवी सांगतो की आई तो पट पाहत दिवसरात्र बसू लागली आणि त्याच दुःखात तिचा अंत झाला.

इतिहास म्हणून या कथेला किंमत नाही हे उघडच आहे. खेळ असा जन्माला आला नाही. परंतु इराणी मनाला 'मात' या शब्दात काय दिसत होते, याची ती उत्तम साक्ष आहे. यात राजा मरतो खरा, पण त्याला कोणी मारीत नाही. आणि सारी कथा रचली आहे ती हा एकच भेद एका आईला पटावा म्हणून. 'राजा मेला' एवढाच अर्थ असता तर पट करण्याचे कारणच उरले नसते. ते तिला आधीच ठाऊक होते. कसा मेला हे तिला हवे होते, आणि 'मात' हे त्याचे उत्तर होते.

आता दूरची साक्ष सोडून घरची घेऊ. मराठीत आपण 'संकटावर मात केली' म्हणतो तेव्हा संकट मेले असे कोणाच्याच मनात नसते. ते निष्प्रभ झाले, त्याचा आपल्यावर इलाज चालेना, एवढेच आपण म्हणतो. जुन्या मराठी काव्यात 'मात' म्हणजे गोष्ट, वार्ता, असाही एक शब्द येतो; तो अगदी निराळा, त्याचा या पटाशी संबंध नाही. पण बुद्धिबळातून आलेली आपली 'मात' फारसीच्या मूळ अर्थाला जितकी चिकटून राहिली आहे, तितकी ती युरोपातील कोणत्याच भाषेत राहिलेली आम्हांस दिसत नाही. तेथे या शब्दाची जी दशा झाली ती मोठी मौजेची आहे. जुन्या फ्रेंचांना 'शाह मात' ही एक जोडी आहे हेच कळले नाही. त्यांनी मध्ये 'आणि' घातला व 'शह आणि मात' अशी दोन संकटे केली. इटालियन लोकांनी 'मात'चे 'मात्तो' केले, आणि त्यांच्या भाषेत मात्तो म्हणजे वेडा; सबब तेथे वेडा शह बसतो. इंग्रजीत 'मेट' झाले, जो शब्द सोबत्यालाही लावतात. जर्मनांनी 'मात' घेतला आणि तो पटावरून उचलून अंथरुणापर्यंत नेला. त्यांच्याकडे 'मात' म्हणजे थकलेला, गळून गेलेला. तल्हंदाची आठवण ठेवली ती, न कळत का होईना, जर्मनांनीच.

'शाह' या अर्ध्या भागाचा प्रवास याहून लांबचा आहे. मुळात शह देणे ही राजाला घातलेली हाक होती. 'शाह!' म्हणजे 'महाराज, सावध!' राजाला बेसावध गाठून मारणे हे खेळाच्या रीतीत बसत नव्हते. त्याचबरोबर दुसऱ्या मोहऱ्यावरही मारा पडत असेल तर तेही बोलून दाखवीत. राजा आणि रुख, म्हणजे आपला हत्ती, दोघेही एकाच चालीत सापडले की 'शाह रुख' म्हणत. तैमूरलंगाच्या एका मुलाचे नाव शाहरुख होते. तैमूरच्या चरित्रकार इब्न अरबशाह याने त्याचे कारण असे दिले आहे की, तैमूर पटावर बसून नेमकी हीच चाल करीत होता, तेव्हा मुलगा झाल्याची वार्ता आली. ही हाक फ्रेंचांमार्फत इंग्लंडात गेली, आणि ज्या पटावर ती घालीत त्या पटालाही तिचेच नाव पडले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल ज्या मेजावर मोजीत, ते दहा फूट लांब व पाच फूट रुंद होते, आणि त्यावर चौकटी आखलेले काळे कापड अंथरीत. प्रांतोप्रांतीचे अधिकारी एका बाजूस, खजिनदार दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये त्या चौकटींत सोंगट्या ठेवून रुपये-आण्यांप्रमाणे पौंड-शिलिंग मोजायचे. ११७९ च्या सुमारास खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीवर संवादरूप पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणून कचेरीस 'एक्सचेकर' म्हणतात, आणि पटावर जशी दोन राजांची लढाई तशीच येथे खजिनदार व वसुली अधिकारी यांची. शह देणे म्हणजे अडविणे. अडविणे म्हणजे तपासणे. तपासणीसाठी ठेवलेला अर्धा कागद म्हणजे चेक. बँकेत चेक घेऊन जाणारा गृहस्थ आणि दिवाणखान्यात शह देणारा त्याचा मुलगा, दोघेही एकाच इराणी राजाचे नाव घेत असतात.

मात झालेल्या राजापुढे चाल नसते. आता याच्या अगदी उलट अडचण पाहू. येथे चाली पुष्कळ आहेत. हवी आहे ती एकच गोष्ट, की चालावे लागू नये. आणि तेवढीच मिळत नाही. या अवस्थेला सगळ्या जगातील बुद्धिबळपटू जर्मन शब्द वापरतात: 'त्सुगत्स्वांग'.

शब्द उच्चारायला आपल्या जिभेला जड, पण फोडला की अगदी साधा आहे. 'त्स्वांग' म्हणजे सक्ती, जबरदस्ती. 'त्सुग' म्हणजे ओढ. आपण मोहऱ्याच्या हालचालीला 'चाल' म्हणतो, म्हणजे आपल्या कल्पनेत मोहरा पायांनी चालतो. जर्मन माणसाच्या कल्पनेत तो ओढला जातो. 'त्सीएन' म्हणजे ओढणे, त्यावरून 'त्सुग'. डबे ओढीत नेणारी आगगाडीही त्यांच्याकडे 'त्सुग'च, खिडकीतून येणारा वाऱ्याचा झोतही 'त्सुग', आणि छातीत ओढून घेतलेला श्वासही 'त्सुग'. माणूस शेवटचे श्वास मोजीत असेल तर तो शेवटच्या 'त्सुगां'त आहे असे म्हणतात. एवढ्या घरगुती शब्दाला सक्ती जोडली की 'चालीची सक्ती' हा अर्थ होतो. त्यात काही गूढ नाही. जर्मन माणसाला तो जितका रोजचा वाटतो तितकाच परक्याला तो भारदस्त वाटतो, हाच परभाषेचा महिमा.

हे शब्द जर्मनच का, याचे कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात या खेळाचा शास्त्रासारखा अभ्यास बर्लिनमध्ये सुरू झाला. बिल्गुएर नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने एक मोठी बुद्धिबळसंहिता लिहावयास घेतली. १८४० साली तो वारला, तेव्हा त्याचा मित्र फॉन डेर लाझा याने ती पुरी करून १८४३ साली प्रसिद्ध केली. १८४६ पासून बर्लिनहून बुद्धिबळाचे मासिक निघू लागले. डाव उलगडून सांगणारे लोक एकत्र आले की त्यांना नावांची गरज पडते, आणि नावे त्यांच्या बोलीतूनच येतात. राजाला कोंडून मात होऊ नये म्हणून शेजारचे प्यादे सरकवून एक झरोका करतात. त्याला ते 'लुफ्ट' म्हणतात, म्हणजे हवा. कोंदट खोलीतील राजासाठी खिडकी किलकिली केली, एवढेच ते चित्र. दोघे खेळत असताना खांद्यावरून डोकावून न मागता सल्ला देणारा जो सर्वत्र आढळणारा गृहस्थ, त्याला 'कीबिट्स' म्हणतात. कीबिट्स हा एक पक्षी, आपल्या टिटवीचा सख्खा चुलतभाऊ. शब्दकोशकारांच्या मते यामागे चोरांच्या बोलीतील 'तपासून पाहणे' अशा अर्थाचे एक क्रियापद असून पक्ष्याशी त्याचा मेळ नंतर बसला. असेल तसे, पण रात्री शेतावरून ओरडत फिरणारी टिटवी ज्याने ऐकली आहे, त्याला तो मेळ चुकला असे वाटणार नाही.

'त्सुगत्स्वांग' हा शब्द जर्मन बुद्धिबळाच्या लिखाणात १८५८ साली आढळतो. इंग्रजीत तो १९०५ साली जगज्जेता इमान्युएल लास्कर याच्या मासिकातून आला. वस्तू मात्र नावाहून फार जुनी आहे. खलिफा मामून बगदादेत राज्य करीत होता त्या काळात, म्हणजे ८१३ ते ८३३ यांच्या दरम्यान, झैरब कताई याने रचलेल्या शतरंजाच्या एका कूटात हीच युक्ती आहे. म्हणजे हजार वर्षे लोक या सापळ्यात परस्परांना पकडीत होते, आणि सापळ्याचे आज जगभर चालणारे नाव त्यानंतर पडले.

ही अवस्था शब्दांनी सांगून नीट कळत नाही. म्हणून ज्यांच्या घरी पट असेल त्यांनी तीनच मोहरे घेऊन आमच्याबरोबर पाहावे. पांढऱ्याच्या बाजूने बसा. समोरच्या कडेच्या ओळीत, डावीकडून पाचव्या घरात काळा राजा ठेवा. त्याच्या बरोबर खाली, मध्ये एकच घर मोकळे सोडून, पांढरा राजा ठेवा. पांढऱ्या राजाच्या डाव्या हाताला लागून त्याचे प्यादे ठेवा. त्या प्याद्याला वजीर होण्यास दोन घरे उरली आहेत. दुसरे काहीच पटावर नाही.

आता चाल काळ्याची आहे असे समजा. त्याला राजाखेरीज दुसरा मोहरा नाही, म्हणून राजाच हलविला पाहिजे. पुढची तिन्ही घरे मिटलेली आहेत, कारण त्यांवर पांढऱ्याचा मारा आहे. राहिली दोन्ही बाजूंची घरे. उजवीकडे गेला तर तो प्याद्यापासून दूर जातो आणि प्यादे सुखाने वजीर होते. म्हणून तो डावीकडे, प्याद्याच्या रांगेत जातो. पांढरा प्यादे एक घर पुढे टाकतो. या चालीने शह बसत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्यादे आता काळ्या राजाच्या नाकासमोर आहे, पण पांढरा राजा त्याच्या पाठीशी असल्याने ते मारता येत नाही. कडेची दोन्ही घरे प्याद्याच्या तिरक्या माऱ्याखाली आहेत. उरते एकच घर, डाव्या बाजूने खाली उतरण्याचे. काळा राजा तेथे उतरतो, आणि उतरताच त्याने वजीर होण्याचे घर आपण होऊन मोकळे केलेले असते. पांढरा राजा प्याद्याच्या उजव्या खांद्याशी येऊन उभा राहतो, आणि पुढल्या चालीत प्यादे वजीर होते. डाव पांढऱ्याचा.

मोहरे पुन्हा पहिल्या जागी ठेवा, आणि आता चाल पांढऱ्याची आहे असे समजा. घोडदौड करावी अशा उत्साहाने तो प्यादे पुढे टाकील; पण या वेळी काळा राजा अजून पाचव्या घरातच आहे, म्हणून त्याच्यावर शह बसतो. तो डावीकडे सरकून प्याद्याच्या समोर येतो. आता पांढऱ्याने काय करावे? राजा दूर नेला तर प्यादे मारले जाते. प्यादे राखावयाचे तर राजा त्याच्या बरोबर खालच्या घरात आणावा लागतो, आणि तसे करताच काळ्या राजाला एकही चाल उरत नाही, पण त्याच्यावर शहही नसतो. ही कोंडी झाली. आजच्या नियमाने डाव बरोबरीत सुटतो. प्यादे न हलविता पांढऱ्याने राजा इकडेतिकडे फिरविला, तरी काळा नीट खेळल्यास पदरी बरोबरीच पडते.

मोहरे तेच, घरे तीच. ज्याच्यावर चालण्याची पाळी, त्याचे नुकसान. काळ्याला 'या खेपेस मी चालत नाही' असे म्हणता आले असते तर तो वाचला असता. पण बुद्धिबळात मौन राखण्याचा हक्क नाही. नेमका हाच त्सुगत्स्वांग.

येथे कोंडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो की तिचा निवाडा सर्वकाळ सारखा नव्हता. शतरंजात सामान्यतः कोंडी करणारा जिंकला असे धरीत. इंग्लंडात सुमारे दोनशे वर्षे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, याच्या अगदी उलट नियम होता: प्रतिपक्षाला असे कोंडणाराच हरला. राजाची वाट बंद करून त्याला शह न देणे ही त्यांना एक प्रकारची गैरशिस्त वाटत असावी. मात, कोंडी आणि त्सुगत्स्वांग यांतील भेद एका वाक्यात सांगावयाचा तर, पहिलीत शह आहे व चाल नाही, दुसरीत शहही नाही व चालही नाही, आणि तिसरीत चाल आहे, हाच शह.

हा शब्द आता इतका आवडता झाला आहे की कोणत्याही अडचणीला तो लावतात. पटावर तरी तसे करू नये. कसोटी सोपी आहे. वाईट अवस्थेतील खेळाडूला एक चाल माफ केली, असे मनात धरा. तेवढ्याने त्याचा बचाव होत असेल तर तो त्सुगत्स्वांगात आहे. बचाव होत नसेल तर त्याच्यावर खरी धमकी आहे, आणि धमकी म्हणजे सक्ती नव्हे.

या कसोटीला जो सर्वांत प्रसिद्ध डाव लावता येतो, तो १९२३ साली कोपनहेगन येथे झाला. पांढऱ्याकडे फ्रीड्रिख झेमिश, काळ्याकडे आरोन निमझोविच. निमझोविच रीगा शहरचा, मोठा तऱ्हेवाईक आणि मोठा बुद्धिमान. त्याचे 'माझी पद्धती' हे पुस्तक १९२५ पासून निघू लागले आणि एका पिढीने त्यावर आपला खेळ घडविला. या डावात त्याने दोन प्याद्यांच्या बदल्यात एक घोडा देऊन टाकला. सामान्य हिशेबाने तो तोट्यात होता. पण त्याचे दोन्ही हत्ती एका रांगेत येऊन पांढऱ्याच्या गोटात घुसले, आणि पांढऱ्याचे मोहरे एकमेकांच्या आड येऊन अडकून पडले. अशा वेळी पंचविसाव्या चालीत निमझोविचने काय केले? हल्ला केला नाही, शह दिला नाही. आपल्या राजासमोरचे कडेचे प्यादे एक घर पुढे सरकविले, आणि चाल प्रतिपक्षाच्या हवाली केली.

झेमिशने पटाकडे पाहिले. बहुतेक सगळे मोहरे पटावर होते. हत्ती हलवावा तर वजीर संकटात, उंट हलवावा तर मोहरा जातो, राजा हलवावा तर दुसरेच काही कोसळते. प्याद्यांच्या काही निरुपद्रवी चाली शिल्लक होत्या, पण त्या संपल्या की सक्ती पुन्हा दारात उभी. त्याने डाव सोडला. हा डाव 'अमर त्सुगत्स्वांग' या नावाने जगभर गेला.

पुढे चिकित्सकांनी त्यावर हरकत घेतली, आणि आमच्या मते ती योग्य आहे. वर सांगितलेली कसोटी लावून पाहा. झेमिशला एक चाल माफ केली असती तरी निमझोविचला हत्ती आणखी पुढे घालून डाव जिंकता आला असता. म्हणजे सक्ती होतीच, पण सक्तीच्या जोडीला धमकीही होती. आपल्या तीन मोहऱ्यांच्या पटावर जशी निव्वळ सक्ती दिसली तशी ती येथे नव्हती. यामुळे डावाचे सौंदर्य कमी होत नाही. नाव तेवढे एक माप मोठे शिवलेले आहे. निमझोविचच्या त्या शेवटच्या प्याद्याच्या चालीत जी कल्पना होती ती मात्र खरीच. त्या वेळी झेमिशच्या राजावर शह नव्हता, त्याच्या जवळपास एकही काळा घोडा नव्हता, आणि 'शाह मात' हे शब्द त्या दिवशी त्या पटावर कोणी उच्चारले नाहीत.